आमची वाटचाल : देव्हाऱ्यापासून देवाच्या खोलीपर्यंत

आमचं वर्कशॉप गोव्यात फोंड्याला आहे. बाबा देव्हारे करायचे, सागाचे, कळस-बिळस कोरलेले, आणि मी आणि धाकटा भाऊ लहानपणापासून पॉलिशपेपर घासत त्यात वाढलो. 2009 मध्ये धंदा आमच्या हातात आला तेव्हा आमची समजूत साधी होती, गिऱ्हाईक देव्हारा मागतो, आपण देव्हारा द्यायचा, संपलं. पुढे फ्लॅट आणि रो-हाउसवाले "देवाची छोटी खोलीच करून द्या, ध्यानाला पण बसता आलं पाहिजे" म्हणायला लागले आणि तिथून आमची खरी शिकवणी सुरू झाली, फी अर्थात आम्हीच भरली.

पहिल्या दोन-तीन खोल्यांत आम्ही काय केलं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. भिंतींना फोम चिकटवला, वरून कापड ताणलं, आणि सांगितलं की आता बाहेरचा आवाज येणार नाही. गाड्या जशा ऐकू यायच्या तशाच येत राहिल्या. फोम खोलीतल्या आवाजाचा घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यात पहिल्याच पावसाळ्यात कापडावर बुरशीचे ठिपके आले. आणि खरं भयंकर म्हणजे तो फोम भुरकन पेटणारा, अन् समोर समई! सगळा उपटून काढला, पैसे परत दिले.

ज्या कामाने आम्हाला सुधारलं ते एका रिटायर्ड मास्तरांचं, त्यांना आम्ही काका म्हणतो. जुनं चिऱ्याचं घर, भावाभावांत वाटणी झालेली, काकांच्या वाट्याच्या भागावर आता स्लॅब. परसाच्या बाजूला सहा बाय सात फुटांची खोली, पूर्वी भाताची कणगी असायची तिथे. काका पहाटे साडेपाचला बसणार, तोंड पूर्वेला पाहिजे, बल्ब डोळ्यावर नको आणि आवाज अजिबात नको, एवढंच मागणं.

पूर्वेपासूनच गोंधळ. भावाने मोबाइलवर कंपास लावला, मी माझ्या मोबाइलवर लावला, दोघांत वीस अंशांचा फरक. नंतर कळलं की भाऊ लोखंडी कपाटाला टेकून उभा होता. उगवत्या सूर्यावरून पूर्व धरायची तर मार्च आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीस तारखेच्या आसपासच धरावी, कारण गोव्यात सूर्य जूनमध्ये सुमारे चोवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. परसात मोकळ्यावर जाऊन परत मोजलं तर घरच पूर्वेपासून अठरा अंश कललेलं निघालं. काका म्हणाले भिंत तिरकी करा. सहा फुटांत तिरकी भिंत घातली की एक कोपरा मेला, म्हणून भिंतीला हात लावला नाही, फक्त काकांचं बसायचं आसन आणि पुढचा चौरंग अठरा अंश फिरवला आणि लादीवर पितळेची बारीक पट्टी बसवली, म्हणजे झाडताना हललं तरी परत जागेवर येतं. दिशा बसणाऱ्याची असते, भिंतीची नाही, असं आम्ही आता बिनधास्त सांगतो, पटत नसेल त्यांनी दुसरीकडे विचारावं.

दुसरी अडचण उजेडाची. पूर्वेच्या भिंतीला खिडकी, आणि काकूंना देव बरोबर खिडकीपुढे हवे होते. पुठ्ठ्याचा खोका ठेवून दाखवलं, सात वाजता मागून उजेड आला आणि मूर्तीच्या जागी नुसती काळी आकृती, कारण डोळा खिडकीच्या उजेडाला जुळवून घेतो आणि पुढची वस्तू काळी पडते. देव्हारा खिडकीच्या बाजूला सरकवला. खिडकीला काकांच्याच माळ्यावर पडलेली शिंपल्यांची जुनी झडप साफ करून लावली, लाकडी पट्ट्यांत बसवलेले चपटे शिंपले, आणि तिच्यामागे सीलबंद काच. त्या शिंपल्यांतून येणारा उजेड दुधाळ होतो, समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडून परत येतो आणि मूर्तीचा चेहरा दिसतो. पहाटेच्या अंधारासाठी एलईडी पट्टी पिवळसर, 2700 केल्विनची घेतली, कारण पांढरी 6500 ची लावली की समईची ज्योत मळकी वाटते. पट्टी देव्हाऱ्यात लावली नाही. पितळी मूर्तीवर आणि घासलेल्या ग्रॅनाइटवर तिचा एकेक ठिपका माळेसारखा उमटतो, म्हणून कपारीत लपवून भिंतीवर मारली.

फॉल्स सीलिंग काकूंनीच नको म्हटलं, आणि बरं झालं. चवथीला माटोळी बांधायची, नारळ, पोफळीचे घोस, रानातली फळं, ते वजन जिप्समला टांगलं तर गणपतीच्या डोक्यावर येईल. चार हुक सरळ स्लॅबमध्ये मारले.

आता आवाज. चिऱ्याची जाड भिंत तशी छान अडवते, सगळा आवाज दारातून यायचा. रात्री आत अंधार करून बाहेरचा लाइट लावला आणि आतून बघत बसलो, दाराच्या ज्या फटीतून उजेड दिसेल तिथूनच आवाज येतो. खाली बोटभर फट होती. भरीव लाकडाचं दार, चौकटीला रबर, आणि खाली दार लावलं की आपोआप उतरणारी सील पट्टी घातली. रस्त्याचा आवाज गेला! पण टाळी वाजवली तर टिंग टिंग घुमायचं, म्हणून एका भिंतीला पोथ्यांची फळी केली आणि खाली जाड सतरंजी टाकली.

सगळं बंद केल्याचा हिशोब दुसऱ्याच दिवशी लागला, अर्ध्या तासात काकांचं डोकं जड झालं. जेमतेम बेचाळीस चौरस फुटांची खोली, एक माणूस, एक समई, हवा जायला वाट नाही, दुसरं काय होणार. मग दाराच्या वर हवेसाठी लाकडी खोका केला, आत वाट दोनदा वळवली आणि पावसाळ्यात बुरशी न धरणारं पॉलिस्टरचं फेल्ट आतून लावलं. हवा वळणं घेत जाते, आवाजाचा बराच भाग वळणावर विरतो. परसाकडेही वरच्या बाजूला असाच एक खोका केला, म्हणजे हवा एका बाजूने येते आणि दुसरीकडून जाते.

मग काकांचा फोन, "अरे बाबा, आता कसली तरी सूं सूं येतेय." जाऊन बसलो, खरंच. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी! डिमरने उजेड कमी केला की जास्त सूं सूं, आधी रस्त्याच्या आवाजात लपलेला होता. तो काढून बाहेरच्या माळ्यावर नेला आणि या लाइटशी जुळणारा डिमर दिला, मग गप्प.

आठ दिवसांनी परत फोन. आता पहाटे घूं... असा आवाज, भिंतीतून. वाटणीच्या भिंतीपलीकडे काकांच्या चुलतभावाचा पाण्याचा पंप सरळ भिंतीला बोल्ट केलेला. हवेतून येणारा आवाज दार अडवतं, पण भिंतीतूनच चालत येणारी थरथर खोलीत काहीही लावून जात नाही, ती जिथे सुरू होते तिथेच तोडायला लागते. आणि दोन घरांचं बोलणं बंद! शेवटी मी आणि भाऊच पलीकडे गेलो, चहा घेतला, पंप भिंतीवरून काढून जमिनीवर जाड रबराच्या पॅडवर बसवला, पाइपला हातभर रबरी होज जोडला. पैसे आमच्या खिशातून गेले. काकांच्या बिलात ते कुठे लिहायचे ते काही आम्हाला सुचलं नाही.