फळ्यावरचा जुना पासवर्ड

पुण्यातील सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक अभ्यासिका आहे. छोट्या कार्यालयांची नेटवर्क-जोडणी करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ती चालवणाऱ्या काकांनी मला बोलावून घेतले. गेल्या चार दिवसांपासून मुलांच्या मोबाइलवर भलतीच जाहिरातींची पाने उघडत होती, आणि एका मुलीला बँकेचे संकेतस्थळ उघडताना ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना दिसली होती. तिने त्या सूचनेला मान देऊन पान बंद केले, हे फार बरे झाले.

एकाच वेळी सर्व मोबाइलमध्ये व्हायरस शिरणे संभवत नाही. म्हणून मी एका मुलाला वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडायला सांगितले, तेव्हा ते व्यवस्थित उघडले. म्हणजे दोष मोबाइलमध्ये नसून वाटेत होता. नंतर अभ्यासिकेच्या संगणकावर मी ही आज्ञा दिली:

```
ipconfig /all
```

त्यात Default Gateway समोर 192.168.0.1 हा राउटरचा पत्ता होता. DNS Servers समोर मात्र इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा नसलेला, अनोळखी पत्ता दिसत होता. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा खरा पत्ता सांगण्याचे काम डीएनएस करतो. तो पत्ता सांगणाराच परका असेल, तर आपण नाव बरोबर लिहूनही चुकीच्या दारात जाऊन उभे राहतो. बँकेच्या पानावर ती सूचना आली, कारण त्या खोट्या दाराकडे बँकेचे प्रमाणपत्र नव्हते.

हा बदल राउटरमध्ये कोणी केला, यापेक्षा तो करता कसा आला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटले. काका म्हणाले, “अहो, वाय-फायचा पासवर्ड तर मी गेल्याच महिन्यात बदलला.” फळ्यावर नवा पासवर्ड लिहिलेला होता आणि त्याच्या खाली नीट न पुसलेला जुना पासवर्डही पुसटसा वाचता येत होता. मी ब्राउझरमध्ये 192.168.0.1 उघडून लॉगिनच्या चौकटीत तो जुना पासवर्ड घातला, आणि राउटरची संपूर्ण मांडणी समोर आली.

पहिल्या जोडणीच्या वेळी काही राउटर ‘वाय-फायचाच पासवर्ड राउटरच्या लॉगिनसाठी वापरायचा का’ असे विचारतात, आणि तेथे खूण केली की दोन्हीकडे तोच पासवर्ड बसतो. काकांच्या राउटरवर पुढे वाय-फायचा पासवर्ड बदलला, तरी लॉगिनचा जुनाच राहिला होता. वाय-फायचा पासवर्ड हा पाहुण्याला आत येऊ देण्यासाठी असतो आणि तो शेकडो जणांना द्यावाच लागतो. राउटरचा पासवर्ड मात्र डीएनएस बदलू शकतो, बाहेरून आत येण्याची वाट उघडू शकतो, वाय-फायचा पासवर्डही दाखवतो. ही दोन्ही कुलुपे एकाच किल्लीने उघडत असतील, तर वाय-फाय वापरणारा प्रत्येक जण राउटरचा मालक होतो.

मांडणीत आणखी काय बदलले असेल याचा भरवसा नसल्यामुळे मी राउटर मूळ स्थितीत आणायचे ठरवले. त्याआधी इंटरनेटची जोडणी सुरू होण्यासाठी कंपनीने दिलेले PPPoE चे नाव आणि पासवर्ड काकांच्या कागदांतून शोधून ठेवले, कारण रिसेट केल्यावर तेही पुसले जातात. (कंपनीनेच दिलेला फायबरचा डबा असेल, तर रिसेट करण्यापूर्वी त्यांना विचारावे.) मग टाचणीने रिसेटचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरले.

पुढचे काम वाय-फायवरून न करता तारेने जोडलेल्या संगणकावरून केले. राउटरचे लॉगिन पान बहुधा साध्या http वर, म्हणजे मजकूर गुप्त न करता, चालते, आणि वाय-फायचा पासवर्ड ठाऊक असलेला जाणकार हवेतून जाणारा नवा पासवर्ड टिपू शकतो. राउटरने नवा लॉगिन पासवर्ड मागितल्यावर सोळा अक्षरांचा, वाय-फायशी काहीही संबंध नसलेला पासवर्ड दिला आणि ती ‘एकच पासवर्ड’ची खूण काढून टाकली. रिसेटची गरज नसेल, तेव्हा हाच बदल System Tools, Administration किंवा Management अशा नावाच्या विभागात जुना पासवर्ड एकदा आणि नवा दोनदा लिहून करता येतो. बाहेरून राउटर चालवण्याची Remote Management ही सोय बंद केली आणि राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली प्रणाली, अद्ययावत केले. मुलांसाठी Guest Network वेगळे सुरू करून त्याचाच पासवर्ड फळ्यावर लिहिला, आणि राउटरचा पासवर्ड काकांनी फक्त आपल्या कपाटातील वहीत लिहून ठेवला.

शेवटी संगणकावर पुन्हा ipconfig /all पाहिले, तेव्हा तो अनोळखी पत्ता गेला होता. त्याच मुलीच्या मोबाइलवरून नव्या गेस्ट वाय-फायवर 192.168.0.1 उघडून पाहिले, तर लॉगिनचे पानच आले नाही. बँकेचे संकेतस्थळ मात्र तिच्या मोबाइलवर कोणत्याही सूचनेविना उघडले.