दीड ते दोनमधला फोन

नागपूरच्या एका हॉस्पिटलातल्या नर्सबाई. वॉशिंग मशीनचा पार्ट वॉरंटीत असूनही तंत्रज्ञाने १,८५० रुपये घेतले होते. परतावा मंजूर झाला का, ते मी कंपनीच्या कॉल सेंटरमधून फोन करून सांगणार होते. "वॉर्डात फोन लॉकरमध्ये असतो. दीड ते दोन सुट्टी, तेव्हाच करा हं," त्यांनी दोनदा बजावलं.

सिस्टिममध्ये कॉलबॅक टाकताना 'स्वतःसाठी' की 'टीमसाठी' असं विचारतात. बाईंना सगळी कहाणी पुन्हा कुणा नव्याला सांगावी लागू नये म्हणून मी 'स्वतःसाठी' निवडलं. तिथेच फसले. त्या दिवशी कॉल तुंबले होते, म्हणून टीएलने, म्हणजे टीम लीडरने, माझं जेवण दीडवर ढकललं. मी ब्रेकवर असले की आपोआप नंबर लावणारा डायलर माझा कॉलबॅक धरून ठेवतो. दुसऱ्याला देत नाही, मला आठवणही करत नाही. दोन वाजून चार मिनिटांनी 'रेडी' झाले, लगेच बाईंचा नंबर लागला आणि वाजून वाजून बंद झाला.

संध्याकाळी पेंडिंग यादीत बाईंचं नाव नव्हतं. एकदा नंबर फिरवला की रिपोर्ट कॉलबॅक 'पूर्ण' धरतो, फोन कधी लावला ते बघतच नाही. हा रिपोर्ट बनवणाऱ्याने कधी हेडफोन लावला नसणार. मी एक्सेल काढून ठरलेली वेळ आणि डायलची वेळ शेजारी ठेवली. टीमचे त्या दिवशीचे ३१ कॉलबॅक, पेंडिंग शून्य; त्यातले ९ पंधरा मिनिटांहून उशिरा लागलेले.

टीएल म्हणाला, "अजून दोनदा लाव आणि केस बंद कर." लॉकरमधल्या फोनवर! तयार एसएमएस होता, 'आम्ही आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला'. म्हणजे फोन न उचलून चूक जणू बाईंनीच केली. बरीच हुज्जत घालून स्वतःच्या शब्दांत पाठवला: 'ठरलेल्या वेळी फोन राहून गेला, चूक माझी. उद्या दीड वाजता करते.' मग शेजारणीशी ब्रेक बदलून घेतला. शिवाय तोच कॉलबॅक सगळी हकीकत लिहून 'टीमसाठी' केला आणि माझी वेळ हुकलीच तर तू लाव, असं तिला सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक बत्तीसला पहिल्याच रिंगला बाईंनी उचलला. स्क्रिप्टप्रमाणे आधी नाव, नोंदवलेला नंबर, पत्ता विचारायचा. मी आधी म्हणाले, "काल वेळ पाळली नाही, माफ करा."

"डबा न उघडता बसले होते हो मी," त्या म्हणाल्या. मग स्वतःहूनच पत्ता सांगितला. परतावा मंजूर झाल्याचं ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या.

पडताळणीआधी बोलले म्हणून आमचे कॉल तपासणाऱ्या क्वालिटीवालीने पाच गुण कापले. नियम ठीक आहे, अनोळखी माणसाला केसची माहिती जाऊ नये. पण मी केसचं अक्षर तरी काढलं होतं का? तसं लिहून दिलंय. गुण परत मिळतील असं वाटत नाही.