“नेमकं झालं तरी कसं?”

दादा गेला तेव्हा तो एक्केचाळीसचा होता. आत्महत्या. कशी, कुठे, हे इथेही लिहिणार नाही. आमच्या घरी समाचाराला आलेल्या शंभरेक माणसांनाही मी ते सांगितलं नाही, पण तिथवर पोचायला मला तीन दिवस लागले.

पहिल्या दिवशी चुलतभावाने परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं, “अटॅक आला.” त्याचा हेतू चांगला होता. पण अटॅक म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले: किती वाजता? कुठल्या दवाखान्यात नेलं? आधी काही त्रास नव्हता का? चुलतभाऊ एका दवाखान्याचं नाव सांगायचा, मी दुसऱ्याचं. त्यातून पंचनाम्याला पोलीस आलेले गल्लीने पाहिले होते आणि पोस्टमॉर्टेम होऊन बॉडी संध्याकाळी मिळाली होती. लोक मान डोलवायचे आणि फाटकाबाहेर उभं राहून वेगळंच बोलायचे. नऊ वर्षांची पुतणी दाराआडून दोन्हीकडचं ऐकत होती.

सावडून आल्यावर वहिनीनेच विषय काढला. “पोरीला उद्या बाहेरून कळेल, त्यापेक्षा आपणच सांगू.” तिने लेकीला जवळ घेऊन सांगितलं, की बाबाला मनाचा आजार झाला होता, त्या आजारात त्याने स्वतःचा जीव घेतला, आणि यात तुझी काही चूक नाही. मग लेकीला जे सांगितलं, तेच सगळ्यांना सांगायचं ठरलं. माझं वाक्य असं होतं: “दादा वर्षभर डिप्रेशनने आजारी होता. औषधं चालू होती. त्यातच त्याने आत्महत्या केली.” एवढं बोलून थांबायचं.

हे थांबणं फार अवघड. एरवी नको ती गोष्ट निघाली की “चहा ठेवते” म्हणून उठता येतं. आमच्याकडे सुतकात समाचाराला आलेला माणूस चहाच काय, पाणीही घेत नाही. सतरंजीवर माणसं नुसती बसून राहतात आणि ती शांतता भरायला कुणीतरी विचारतंच, “पण नेमकं कसं गं?”

मग आम्ही बसायच्या जागा बदलल्या. वहिनी आतल्या खोलीत आईजवळ, मी दाराशी. येणारा चप्पल काढेपर्यंत त्याला माझं वाक्य ऐकवलेलं असायचं, म्हणजे प्रश्न आत जायचाच नाही. शेजारच्या काकू तर काही जणांना अंगणातच सांगून मोकळ्या व्हायच्या, “आत गेल्यावर काही विचारू नका हं, नुसतं बसा.” हे त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं.

तरी विचारणारे विचारतच. आत्याने दोनदा विचारलं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “आत्या, ते परत आठवलं की रात्री झोप लागत नाही. तू त्याला पोहायला शिकवायला विहिरीवर न्यायचीस ना, ते सांग.” तिने डोळे पुसले आणि अर्धा तास तेच सांगत बसली. बोलायला काहीतरी हातात दिलं की बहुतेकांचा प्रश्न मागे पडतो. नुसतं “नाही सांगायचं” म्हटलं, की तो तिथेच अडून बसतो.

कारणाचा प्रश्न मात्र असा वळवता येत नव्हता. “कर्जबिर्ज होतं का? घरात काही बोलाचाली?” यातला दुसरा प्रश्न थेट वहिनीकडे जायचा. तिथे मी पुतणीला कळेल असंच बोलायचे, पण ठामपणे: “एका कारणाने असं होत नाही मावशी. आजार होता. घरातल्या कुणामुळे झालेलं नाही.” वहिनीला आत हे ऐकू जायचं, आणि खरं सांगायचं तर आवाज मी तेवढ्यासाठीच चढवायचे.

एक लांबचे काका तर “चिठ्ठी सापडली का?” इथवर आले. “जे सांगायचं ते पोलिसांना जबाबात सांगितलंय काका,” म्हणून मी त्यांना दादाच्या फोटोला हार घालायला उठवलं. हार घालून झाल्यावर ते खाली बसले नाहीत. समाचाराहून जाताना “येतो” म्हणायची पद्धत नाही, पण हे काका एरवीही म्हणाले नसते असं वाटलं.

एकदा मी चुकलेही. सातव्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “त्रास झाला का गं त्याला?” मी तडकून म्हणाले, “तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या?” त्या गप्प झाल्या. नंतर काकूंकडून कळलं, की त्यांचा धाकटाही असाच गेलेला. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्याकडे सुतक नव्हतं, त्यामुळे चहा झाला. कसा गेला, हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

पुतणी शाळेत जाण्याआधी वहिनी तिच्या बाईंना भेटून आली. मुलांनी विचारलंच तर काय म्हणायचं, ते पुतणीने स्वतःच ठरवलं होतं: “बाबा आजारी होते. मला नाही बोलायचं.” माझ्या वाक्यापेक्षा तिचं लहान. हल्ली बाजारात कुणी थांबवलं तर मीही तेच वापरते.