लोगोची फाइल देताना

“दुकानाचा लोगो छापायला द्यायचाय. पीएनजी देऊ की जेपीईजी? आणि हे एसव्हीजी, वेबपी कशासाठी असतं?”

लोगोची मूळ फाइल एसव्हीजी असावी आणि प्रेसला त्यावरूनच पीडीएफ काढून द्यावी. फोटोला जेपीईजी उत्तम. वेबपी वेबसाइटपुरतं ठेवा, कारण त्यात छपाईचे सीएमवायके रंग बसतच नाहीत.

जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील टाकून देतं. फोटोत चेहऱ्याचा किंवा आभाळाचा रंग हळूहळू बदलतो, त्यामुळे ते जाणवत नाही. लोगोत मात्र लाल अक्षर एकदम पांढऱ्याला भिडतं आणि तिथेच कडेला मळकट ठिपके उठतात. फाइल ४०० टक्के मोठी करून शिरोरेषेच्या आसपास पाहा, लगेच दिसतील. अशी फाइल पीएनजी म्हणून पुन्हा सेव्ह केली तर तो मळही जसाच्या तसा जपला जातो, दुसरं काही होत नाही.

समजा, लोगो ६०० पिक्सेल रुंद आहे. व्हिजिटिंग कार्डावर २ इंचांत छापला तर इंचाला ३०० ठिपके मिळतात, म्हणजे काम झालं. तोच १० फुटी फ्लेक्सवर ताणला तर १२० इंचांत ६०० ठिपके, इंचाला जेमतेम ५! फ्लेक्स लांबून बघतात, तिथे ७२ सुद्धा चालतात. पण ५ म्हणजे पायऱ्या पायऱ्याच दिसणार. स्वच्छ पीएनजीचीही इथे हीच गत. एसव्हीजीत ठिपके नसतात, रेषांची गणितं असतात, म्हणून ती कितीही मोठी केली तरी कड धारदार राहते.

पण नुसतं नाव बघून फसू नका. जेपीईजी ऑनलाइन ‘कन्व्हर्ट’ केली की अनेकदा जुनंच चित्र एसव्हीजीच्या पाकिटात घालून मिळतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. असं काही दिसलं तर ती खोटी:

```
<image href="data:image/jpeg;base64,...
```

खऱ्या लोगोत `<path` च्या ओळी असतात. `<text` दिसलं तर अक्षरं अजून फॉन्टवर अवलंबून आहेत. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर तुमचं नाव भलत्याच वळणात छापून येईल. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं निवडून `Path > Object to Path` करा. नंतर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून आधीची प्रत वेगळी ठेवा.

एसव्हीजीतले रंग सहसा पडद्याचे, म्हणजे आरजीबी असतात. भडक हिरवा, निळा कागदावर मंद उतरतो. पीडीएफ काढताना सीएमवायके आकडे प्रेसकडून ठरवून घ्या आणि एक प्रूफ मागा.

फोटो मात्र कॅमेऱ्यातून आलेला मूळ जेपीईजीच द्या. व्हॉट्सअॅपवरून पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेतच लहान होतो.