तूर, मसूर आणि महागाईची टोपली

«तुम्ही बाजारातले भाव लिहून आणायचं काम केलंत ना? मग सांगा, महागाईच्या आकड्याची ती टोपली भरतं कोण? आणि सरकार महागाई कमी दाखवतं असं जो तो म्हणत असताना, तुम्ही म्हणता आकडा कधी कधी फुगलेलाही असतो. ते कसं काय?»

टोपली म्हणजे ज्या वस्तूंच्या भावांवरून महागाई मोजतात त्या सगळ्या वस्तू, आणि ती तुम्हीच भरता. म्हणजे तुमच्यासारखी लाखभर घरं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची माणसं घरोघर जाऊन काय घेतलं, किती घेतलं, कितीला घेतलं हे विचारतात. 2012 हे आधारवर्ष धरलेली महागाईच्या निर्देशांकाची जी मालिका आपण दहा-बारा वर्षं बातम्यांत ऐकली, तिची टोपली 2011-12 च्या अशा सर्वेक्षणातून आली. भाजी, तेल, अंडी, फळं यांचा हिशोब मागच्या 7 दिवसांचा विचारायचा, धान्य-डाळींचा 30 दिवसांचा, कपडे, चपला, शाळेची फी यांचा 365 दिवसांचा. कारण मागच्या महिन्यात कोथिंबीर कितीची आणली हे कोणाला आठवत नाही, आणि साडीचा खर्च आठवड्याच्या हिशोबात सापडत नाही.

मग सगळ्या घरांचा सगळा खर्च एकत्र करून त्यात कोणत्या वस्तूचा वाटा किती, हे काढायचं. हा वाटा म्हणजे त्या वस्तूचा भार. त्या मालिकेत देशभराच्या 100 रुपयांच्या खर्चात अन्न आणि पेयं 45.86 रुपयांची, त्यातल्या डाळी 2.38 रुपयांच्या आणि कांदा फक्त 64 पैशांचा. कांद्यावरून एवढा गदारोळ होतो, पण टोपलीत त्याची जागा एवढीच. आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. खर्च एकत्र केला की जास्त खर्च करणाऱ्या घराचं वजन आपोआप जास्त पडतं. त्यामुळे ही टोपली मधल्या घराची नसते, थोडी वरच्या घराकडे झुकलेली असते. तुमच्या घरची महागाई आकड्याशी जुळत नाही, त्याचं एक साधं कारण हे आहे.

भार एकदा ठरला की ठरला. पुढची मालिका येईपर्यंत तो हलत नाही. दर महिन्याला हलतात ते फक्त भाव, आणि ते आणायचं काम आमच्याकडे. त्या मालिकेसाठी 1181 गावं, आणि शहरांतले 1114 बाजार वेगळे. दुकान ठरलेलं, वस्तूचं वर्णन ठरलेलं. ‘तूरडाळ’ एवढं पुरत नाही. सुटी की पाकिटातली, कोणत्या प्रतीची, किती वजनाची, हे सगळं तक्त्यात असतं, आणि दर महिन्याला त्याच दुकानात त्याच डाळीचा भाव विचारायचा. डाळ बदलली तर भाव वाढला की प्रत वाढली हे कळणार कसं, म्हणून ही शिस्त. शिस्त बरोबरच आहे. पण माझ्या मते गोम तिथेच सुरू होते.

2015 च्या दिवाळीच्या सुमाराला तूरडाळ किलोला 200 रुपयांवर जाऊन टेकली होती, आठवत असेल. माझ्या ठरलेल्या दुकानांपैकी एका किराणावाल्याकडे फळीखाली डाळींची पोती ओळीने मांडलेली असत, तोंडं दुमडलेली. एरवी तुरीच्या पोत्यात माप खाली तळाशी गेलेलं असायचं. त्या महिन्यात तुरीचं पोतं काठोकाठ आणि शेजारचं मसुराचं पोतं अर्ध्यावर. मी तक्ता काढला तसा दुकानदार म्हणाला, «ताई, तुरीचा भाव लिहा खुशाल, पण घेतंय कोण? बायका येतात, भाव ऐकतात आन् मसूर नेतात.» मी तुरीचा भाव लिहिला, मसुराचा लिहिला. पोतं किती रिकामं झालं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आता त्या रकान्याची किंमत काढू. आकडे मी सोपे घेते, त्या वर्षीचे खरे भाव नव्हेत.

एक घर महिन्याला 80 रुपये भावाची 3 किलो तूर आणि 60 रुपये भावाची 2 किलो मसूर घेतं. खर्च 240 आणि 120, मिळून 360. वर्षाने तूर 160 झाली, मसूर 72. निर्देशांक विचारतो की जुनंच सामान, 3 किलो तूर आणि 2 किलो मसूर, आज घ्यायचं झालं तर किती लागतील? 480 आणि 144, म्हणजे 624. भागिले 360. जुना खर्च 100 धरला तर निर्देशांक 173.3, म्हणजे डाळ 73 टक्क्यांनी महाग. ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या एटिएन लास्पेअर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते, आणि आपल्या निर्देशांकात वस्तूंची बेरीज याच रीतीने होते.

पण त्या घरातल्या बाईने 3 किलो तूर आणलीच नाही. तिने दीड किलो तूर आणि साडेतीन किलो मसूर आणली. खर्च 240 आणि 252, म्हणजे 492. आकडा सांगतो 624 लागतील, पिशवी सांगते 492. हाच तो सब्स्टिट्यूशन बायस. महागलेल्या वस्तूकडून माणूस स्वस्त राहिलेल्या वस्तूकडे सरकतो आणि टोपली मात्र जुन्या जागीच बसून राहते.

इथे बरेच जण घाई करतात. 492 भागिले 360, म्हणजे महागाई खरी 37 टक्केच, असं म्हणून मोकळे होतात. ते साफ चूक आहे. आमच्याकडे त्या दिवाळीत मसुराची आमटी सुरू झाली, तेव्हा सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, «आज आमटी केलीच नाहीस का?» समोर वाटी भरलेली होती. पाच किलोच्या जागी पाच किलो डाळ आली, पण तिच्यातलं समाधान कमी झालं, आणि हे कमी होणंही महागाईतच धरायला हवं. म्हणून उलट बाजूने मोजून बघायचं. आजचं सामान, दीड किलो तूर आणि साडेतीन किलो मसूर, जुन्या भावाने 330 रुपयांचं होतं, आज 492 चं आहे. निर्देशांक 149.1. ही पाशे या दुसऱ्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाची रीत. ती जणू तुरीची कोणाला आठवणच नाही असं समजते, म्हणून वाढ कमी दाखवते. खरी वाढ या दोघांच्या मध्ये कुठेतरी. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की 160.8 येतात. आयर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाचा हा मध्य मला तरी प्रामाणिक वाटतो. म्हणजे आपला आकडा इथे साडेबारा अंकांनी फुगलेला निघाला.

साडेबारा ऐकून दचकू नका. डाळींचा भार 2.38 होता, हे आठवा. सगळ्या डाळींत एवढा फुगवटा आला तरी एकूण निर्देशांकात तो जेमतेम 0.3 अंक दिसेल. आणि तूर दुप्पट होताना मसूर जागेवर राहिल्यासारखी वर्षं रोज येत नाहीत. सगळेच भाव सारख्या प्रमाणात वाढले तर सरकायला जागाच नसते आणि बायसही नसतो. घरभाडं, शाळेची फी, रोजचं औषध यांतही नसतो, कारण तिथे मसूर नाही.

अमेरिकेत 1996 साली बॉस्किन आयोगाने हा फुगवटा मोजला होता. त्यांच्या अंदाजाने तिथला निर्देशांक महागाई वर्षाला 1.1 टक्के-अंकांनी जास्त दाखवत होता, पण त्यात वस्तू बदलून घेण्याचा वाटा 0.4 होता. मोठा वाटा सुधारलेल्या प्रतीचा आणि नव्या वस्तूंचा. 0.4 मधलेही फक्त 0.15 तूर-मसुरासारख्या, एका वस्तूकडून दुसरीकडे जाण्याचे. उरलेले 0.25 एकाच वस्तूच्या आतले, म्हणजे या ब्रँडऐवजी तो ब्रँड.

या आतल्या फुगवट्यावर आपल्याकडेही उपाय झालेला आहे. 2012 च्या मालिकेपासून एकाच वस्तूचे वेगवेगळ्या ठिकाणचे भावबदल एकत्र करताना साधी सरासरी न घेता गुणोत्तर सरासरी, म्हणजे गुणाकार करून मूळ काढलेली सरासरी, घेतात. एका दुकानात डाळ दुप्पट झाली आणि दुसऱ्यात जागेवर राहिली, तर साधी सरासरी 150 देते, गुणोत्तर सरासरी 141. गिऱ्हाईक थोडंफार स्वस्ताकडे सरकलं असेल, हे तिने गृहीत धरलेलं असतं. पण हे सगळं ‘तूर’ या एका ओळीच्या आत. तूर आणि मसूर या टोपलीत दोन वेगळ्या ओळी, दोघींचे भार गोठलेले. माझ्या दुकानदाराने दाखवलेली पोती त्या उपायाच्या बाहेरच राहिली.

मग फिशरच का वापरत नाहीत? कारण त्याला आजच्या खरेदीचं प्रमाण लागतं. भाव महिन्याच्या महिन्याला येतात, पण घराघरातली खरेदी वर्षानुवर्षांनी मोजली जाते. अमेरिकेने 2002 पासून असा एक साखळी निर्देशांक सुरू केला, पण त्याचा पहिला आकडा कच्चा असतो आणि खरेदीची माहिती आली की तो पुन्हा दुरुस्त करतात. ज्या आकड्यावर पगार, भाडेकरार, पेन्शन बांधलेलं, तो वर्षाने बदलला तर भांडणं कोण मिटवणार? माझं पेन्शन औद्योगिक कामगारांच्या वेगळ्या निर्देशांकावर चालतं, तिथेही दुरुस्त होणारा आकडा मला नको, हे कबूल करते.

शेवटी एक गल्लत सोडवते, कारण वर्तमानपत्रांतही ती असते. ‘टोपली जुनी झाली’ ही तक्रार आणि सब्स्टिट्यूशन बायस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2011-12 मध्ये खेड्यातल्या घराचा 53 टक्क्यांच्या आसपास खर्च अन्नावर होता, 2022-23 मध्ये तो साधारण 46 झाला. हे काही तूर महागली म्हणून नाही. लोकांकडे पैसा आला, मोबाइल आला, गाडी आली, म्हणून. अशा जुन्या भाराची चूक दोन्हीकडे कलते. भाज्या-डाळी भडकल्या की आकडा उगाच वर, उतरल्या की उगाच खाली. ऑक्टोबर 2025 मध्ये महागाई 0.25 टक्के आली आणि लोक चिडले, तेव्हा अन्नाचा निर्देशांक वर्षभरापूर्वीपेक्षा 5 टक्क्यांनी खाली होता आणि टोपलीत अन्नाला अजून 2012 चीच जागा होती. म्हणजे तुमची «कमी दाखवतात» ही तक्रार त्या महिन्यापुरती खोटी नव्हती. फक्त तिचं कारण तक्त्यात होतं, कोणाच्या मनात नव्हे. त्यानंतर 2024 हे आधारवर्ष धरून नवी मालिका आली, भार 2023-24 च्या सर्वेक्षणातले.

त्या दुकानात मी परवा गेले होते, घरचं सामान आणायला. तुरीचं पोतं अर्ध्यावर होतं. दुकानदाराने सवयीने विचारलं, «ताई, भाव सांगू का?» मी म्हटलं, नको, दोन किलो द्या.