झाकण उघडलं आणि व्हिनेगर झालं

मार्चमधल्या अवकाळी पावसाने निफाडच्या मामांच्या बागेतले मणी तडकले आणि व्यापाऱ्याने माल नाकारला. त्यातली द्राक्षं मी नाशिकला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणली. मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी व्हिनेगर करायचं ठरवलं होतं.

रस १८ ब्रिक्सचा, म्हणजे साधारण १८ टक्के साखरेचा निघाला. त्याची दारू साधारण १० टक्क्यांची झाली असती आणि तेवढ्या दारूत तिचं व्हिनेगर करणारा जिवाणू, अॅसिटोबॅक्टर, मंदावतो. म्हणून दोन लिटर रसात एक लिटर पाणी घालून तो १२ ब्रिक्सवर आणला, यीस्ट टाकलं आणि बाटलीच्या बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्यात बुडवलं. आठ दिवस बुडबुडे येत राहिले. ते थांबले तेव्हा गोडी संपली होती आणि दारू सुमारे सहा टक्के भरली.

वरचं निवळ काढून त्यात ६०० मिली न तापवलेलं, जिवंत व्हिनेगर विरजण म्हणून घातलं. त्याच्या आंबटपणामुळे बुरशी आणि वरची पांढरी यीस्ट दबून राहते. इथेच चूक झाली. हेही आंबवणंच, असं समजून मी पुन्हा तेच बूच लावलं. तीन आठवड्यांत आम्ल १.२ टक्क्यांवरून जेमतेम १.३ झालं.

मॅडमनी बाटली पाहताच विचारलं, "अगं, याला श्वास कुठून मिळणार?"

यीस्टला ऑक्सिजन लागत नाही. ते साखर फोडून ऊर्जा मिळवतं. दारू आणि कार्बन डायऑक्साइड मागे उरतात. अॅसिटोबॅक्टर मात्र दारूचं ऑक्सिडीकरण करतो. तिच्यातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी हवेतल्या ऑक्सिजनकडे जातात. आधी अॅसिटाल्डिहाइड, मग अॅसिटिक आम्ल:

C₂H₅OH + O₂ → CH₃COOH + H₂O

इथे वायू सुटतच नाही, त्यामुळे बुडबुड्यांची वाट पाहणंही चुकीचं होतं.

मग सगळं रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतलं आणि वर मलमल बांधली. सहाव्या दिवशी पातळ, राखाडी पापुद्रा धरला. हवा आणि दारू दोन्ही मिळतील अशा जागी, म्हणजे पृष्ठभागावरच, हे जिवाणू सेल्युलोजची जाळी विणून राहतात. म्हणून बरणी हलवायची नाही. मी एकदा हलवली, पापुद्रा बुडाला आणि नवा धरायला पाच दिवस गेले.

सहाव्या आठवड्यात आम्ल मोजायला १ मिली नमुना पाण्यात पातळ करून त्यात आम्ल संपताच गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन टाकलं. फिकट गुलाबी रंग टिकायला ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा ९ मिली लागला. प्रत्येक मिलीमागे ६ मिलिग्रॅम, म्हणजे ५४ मिलिग्रॅम आम्ल, ५.४ टक्के.

त्यातलं अर्धं गाळून, ६५ अंशांवर तापवून बाटल्यांत काठोकाठ भरलं. उरलेलं मुद्दाम बरणीतच ठेवलं. तीन आठवड्यांनी बाटलीतल्या नमुन्याला ९ मिलीच लागला, बरणीतल्याला ८.१. दारू संपल्यावर अॅसिटोबॅक्टर स्वतः केलेलं आम्लही जाळून त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करायला लागला होता.