रोज डेच्या आदल्या दिवशी

रविवार, ६ फेब्रुवारी २०२२

सकाळी ब्रीच कँडी रुग्णालयातून लतादीदींच्या निधनाची बातमी आली आणि मी आमच्या कपड्यांच्या ब्रँडचे आठवड्याचे वेळापत्रक उघडून बसले. उद्या रोज डे, म्हणजे लाल कुर्त्यांची पोस्ट. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, राज्याने उद्याची सार्वजनिक सुट्टी दिली, त्यामुळे सोमवार संपेपर्यंत काहीही जाऊ द्यायचे नाही, हे ठरवणे सोपे होते.

थांबवण्याचे काम मात्र एकाच ठिकाणी होत नाही. मेटा बिझनेस सूटमधल्या पुढच्या पोस्ट मसुद्यात टाकल्या तरी चालू असलेल्या जाहिराती चालूच राहतात. त्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन वेगळ्या बंद कराव्या लागतात. त्या बंदच केल्या, त्यांचा मजकूर बदलला नाही, कारण मजकूर किंवा चित्र बदलले की जाहिरातीचा लर्निंग फेज, म्हणजे ती कोणाला दाखवायची हे यंत्रणा शिकते तो काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दोन दिवसांच्या विश्रांतीने तसे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ऑफरचा संदेश रद्द केला. पार्सल निघाल्याचे आणि पोहोचल्याचे संदेश तसेच ठेवले, कारण ग्राहक त्यांची वाट पाहत असतो.

खरी अडचण बुधवारच्या पोस्टची निघाली. रंगीत काठाची पांढरी सुती साडी, खाली चार साधे शब्द. महिन्यापूर्वी लिहिलेल्या त्या मजकुरात वावगे काहीच नाही, पण आज ती साडी पाहून कोणाच्याही डोळ्यांसमोर दीदीच येतील आणि आम्ही त्यांच्या जाण्यावर धंदा करतो आहोत असेच वाटेल. शब्द बदलून हे सुटणारे नव्हते. ती पोस्ट थेट मार्चमध्ये ढकलली.

दुपारी मॅडमचा फोन आला. त्यांना हीच साडी मागे ठेवून, कोपऱ्यात लोगो घालून श्रद्धांजली द्यायची होती. मी म्हटले, "मॅडम, लोगो आला की ती जाहिरात होते. दुकान दोन दिवस गप्प राहिले तर कोणी नावे ठेवणार नाही." जरा वेळाने त्यांनी ते मान्य केले. (मला तर वाटते, ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही अशा प्रत्येक दुकानाने शोकसंदेश काढण्याची काहीच गरज नसते.)

संध्याकाळी शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार दूरदर्शनवर पाहिल्यानंतर मंगळवारचा मजकूर नव्याने लिहिला. आधी तेथे होते: "जल्लोष तर होणारच! शेवटचे २४ तास, चुकवू नका!" आता आहे: "लाल सुती कुर्ते सर्व मापांत उपलब्ध. सवलत गुरुवारपर्यंत." सवलतीची मुदत दोन दिवसांनी वाढवली, म्हणजे घाई करायला लावणारी उलटी गिनती स्टोरीतून काढता आली. रीलला लावलेले दीदींचे गाणेही काढून टाकले. कपड्याचा पोत दिसण्यासाठी गाण्याची गरज नाही.

मंगळवारी सकाळी आधी इतर दुकानांच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचेन. लोक अजून चिडत असतील तर जाहिराती बुधवारपर्यंत बंदच राहतील.